खाडे, जादा तास आणि उचल

दहा नोकरांच्या कापडदुकानात पगाराच्या दिवशी कुरबुर होते ती बहुतेकदा उचलीवरून. नोकर म्हणतो हजारच राहिलेत, मालकाच्या डायरीत दोन हजार दिसतात. उचल एका महिन्यात घेतली जाते आणि तीन महिने फिटत राहते, म्हणून महिन्याच्या पगारपत्रकातल्या एका रकान्यात ती मावत नाही. त्यामुळे एक्सेलच्या फाइलमध्ये हजेरी, उचल आणि पगार अशी तीन वेगळी पानं करावीत. प्रत्येक पानावर नोकराच्या क्रमांकाचा रकाना असावा. दुकानात दोन संतोष असले की नावावर हिशेब चुकतोच.

हजेरीत B ते AF हे रकाने एकतीस तारखांचे. हजर असेल तर ‘ह’, खाडा ‘खा’, अर्धा दिवस ‘अ’, साप्ताहिक सुट्टी ‘सु’. पुढच्या रकान्यात खाडे मोजले जातात:

```
=COUNTIF(B2:AF2,"खा")+COUNTIF(B2:AF2,"अ")/2
```

‘खा’च्या पुढे चुकून स्पेस पडली, तर डोळ्यांना ती दिसत नाही, पण एक्सेल तो खाडा धरत नाही. चारही खुणांची बेरीज महिन्याच्या दिवसांइतकी भरते का, एवढं पाहिलं की चूक पकडता येते.

आता एक पगार मांडून पाहू. महिना 13,000 रुपये. सुट्ट्या भरपगारी असल्याने 26 ने भागलं, रोज 500 पडला. आठ तासांनी भागून तासाचे 62.50. जादा तासाला कायद्याने दुप्पट, म्हणजे 125. अडीच खाड्यांचे 1,250 वजा, सहा जादा तासांचे 750 जमा, उचलीचा हप्ता 1,000 वजा: हातात 11,500.

हेच सहा तास कुणी 6:00 असे टाइप केले, तर एक्सेल त्यांना घड्याळाची वेळ समजतं आणि आत 0.25 धरतं, कारण सहा तास म्हणजे पाव दिवस. मग 750 ऐवजी 31 रुपये 25 पैसे पदरात पडतात! दीड तास 1:30 नव्हे, 1.5 असाच लिहावा.

उचलीच्या पानावर तारीख, क्रमांक, दिलेली आणि कापलेली रक्कम असे चार रकाने पुरतात. पगाराच्या पानावर, A रकान्यात क्रमांक असताना, बाकी अशी येते:

```
=SUMIFS('उचल'!C:C,'उचल'!B:B,A2)
 -SUMIFS('उचल'!D:D,'उचल'!B:B,A2)
```

ही बाकी H2 मध्ये असेल तर हप्त्याला `=MIN(1000,H2)`. शेवटी 400 उरले तर तेवढेच कापले जातात. फक्त ही 400 ची कपात उचलीच्या पानावर नोंदवली की बाकी शून्य होते, हप्ताही शून्य होतो आणि वाटून झालेला पगार कागदावर 400 नी वाढतो. म्हणून पगार वाटल्यावर, कपात नोंदवण्याआधी, ते पान कॉपी करून त्याच जागी Paste Values करावं आणि पुढच्या महिन्यासाठी सूत्रांचं कोरं पान वेगळं ठेवावं.