लॉगचे बिल नेमके कुठे वाढते

जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातल्या सुरक्षा पथकाला ईमेलच्या नोंदींमध्ये काहीतरी वावगे दिसले. कोणती पत्रे कोणत्या प्रोग्रॅमने उघडून वाचली, याच्या नोंदींवर नजर ठेवणारा एक तपासणी-नियम त्यांनी स्वतः लिहिला होता आणि त्याला 'बिग यलो टॅक्सी' असे नाव दिले होते. त्या नियमाने इशारा दिला. चौकशीत उघड झाले की 'स्टॉर्म-०५५८' हा चीनशी जोडलेला हेरगट मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरची अनेक संस्थांची पत्रे वाचत होता. या नोंदी तेव्हा महागडा परवाना घेणाऱ्यांनाच मिळत असत. परराष्ट्र खात्याने तो घेतलेला होता म्हणून चोरी सापडली.

या प्रकरणाची दुसरी बाजूही आहे. पत्रे उघडणारी डिजिटल किल्ली हेरांच्या हाती लागली कशी, याचा मायक्रोसॉफ्टने शोध घेतला. मुदत संपल्यावर लॉग पुसले जात असल्यामुळे त्या चोरीचा नेमका पुरावा आपल्याकडे नाही, असे कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितले.

एवढे वाचल्यावर कुणालाही वाटेल की सगळेच लॉग कायमचे ठेवावेत. तसे करणाऱ्या कंपन्या बिल पाहून हादरतात, आणि घाईघाईने जी काटछाट करतात ती बहुतेकदा चुकीच्या जागी असते.

लॉग म्हणजे सर्व्हरने आपल्या प्रत्येक कामाची लिहिलेली ओळ: अमुक वेळी अमुक मागणी आली, इतका वेळ लागला, असे उत्तर दिले. समजा, एका ऑनलाइन दुकानाच्या सर्व्हरवर दिवसाला २ कोटी मागण्या येतात. प्रत्येक मागणीमागे पाच ओळी लिहिल्या जातात आणि एक ओळ सरासरी ५०० बाइटची आहे. हिशेब होतो दिवसाला ५० जीबी, महिन्याला १,५०० जीबी. ॲमेझॉनच्या क्लाउडवॉच सेवेत, व्हर्जिनिया विभागाच्या दराने, लॉग आत घेण्याला जीबीमागे ५० सेंट पडतात. म्हणजे महिन्याला ७५० डॉलर. साठवणुकीचा दर मात्र जीबीमागे महिन्याला ३ सेंट आहे, आणि तोही दाबून लहान केलेल्या आकारावर. मूळ आकाराचा साधारण १५ टक्के भाग उरतो असे धरले, तर एका महिन्याचे लॉग ठेवायला ७ डॉलरही लागत नाहीत. वर्षभराचे साठवले तरी साठवणूक ८१ डॉलरच्या आसपास राहते.

बिल वाढले की पहिली सूचना येते ती 'मुदत कमी करा' अशी. या दुकानाने मुदत एका वर्षावरून एका महिन्यावर आणली तर सुमारे ७४ डॉलर वाचतील. ७५० डॉलर जिथल्या तिथे राहतील, आणि अकरा महिन्यांचा पुरावा मात्र जाईल. पैसा जातो तो ओळ आत येताना, म्हणून निर्णयही ती लिहिण्याआधी घ्यावा लागतो. (सगळीकडे हीच रीत नाही. डेटाडॉगसारख्या सेवा शोधण्यासाठी अनुक्रमित केलेल्या ओळींच्या संख्येवरही पैसे घेतात. तिथे पाच लहान ओळींची एक मोठी ओळ केली तरी मोठा फरक पडतो.)

तर आधी मोजायचे. क्लाउडवॉचमध्ये ओळी जेसन स्वरूपात असतील, तर गर्दीच्या एका तासावर हा प्रश्न चालवता येतो:

```
stats count(*) as n, sum(strlen(@message)) as size by level, msg
| sort size desc
| limit 20
```

तपासलेल्या डेटाला जीबीमागे अर्धा सेंट पडतो, त्यामुळे एका तासाची तपासणी जवळपास फुकटच असते. आलेले उत्तर अनेकदा अंदाजाला छेद देते. 'मी जिवंत आहे' असे सांगणाऱ्या हेल्थ चेकच्या ओळींवर पहिला संशय घेतला जातो. पण वीस प्रोग्रॅम दर दहा सेकंदांनी तपासले, तरी दिवसाला पावणेदोन लाखांच्या आत ओळी होतात. या दुकानाच्या १० कोटी ओळींपुढे त्या काहीच नाहीत. दिवसाला दोन-चार हजार ग्राहक येणाऱ्या लहान ॲपमध्ये मात्र निम्म्याहून जास्त लॉग याच ओळींचा असू शकतो. खरा दोषी बहुधा DEBUG पातळीची ओळ असतो. कुणीतरी बिघाड शोधताना ती चालू केलेली असते, आणि संपूर्ण उत्तर त्यात ओतलेले असते. अशा ओळींनी ६० टक्के जागा खाल्ली असेल, तर ती पातळी बंद करताच ५० जीबीचे २० होतात आणि ७५० डॉलरचे ३००.

यापुढची पायरी सॅम्पलिंगची, म्हणजे सगळ्यांऐवजी नमुन्यादाखल काही ओळी ठेवण्याची. गूगलने २०१० मध्ये 'डॅपर' या आपल्या यंत्रणेची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा तिथे सरासरी १,०२४ मागण्यांतून एकीचाच माग ठेवला जात होता. आपल्या दुकानाला इतके कठोर व्हायची गरज नाही. फसलेल्या आणि एका सेकंदापेक्षा जास्त वेळ घेतलेल्या सर्व मागण्या ठेवाव्यात, सुरळीत पार पडलेल्या दहांतून एक. फसलेल्या व रेंगाळलेल्या मिळून शंभरात दोन असतील, तर शंभरातल्या बारा उरतात आणि २० जीबीचे साधारण अडीच होतात.

मात्र नाणेफेक ओळीगणिक करून चालत नाही. तसे केल्यास एकाच मागणीची पहिली ओळ राहील, तिसरी जाईल आणि कशाचाच अर्थ लागणार नाही. मागणीच्या क्रमांकावरून निर्णय घ्यावा, म्हणजे तिच्या सगळ्या ओळी एकत्र राहतात किंवा एकत्र जातात. नमुन्यादाखल राहिलेल्या प्रत्येक ओळीत `sample_rate=10` असे लिहावे, नाहीतर सहा महिन्यांनी कुणीतरी त्या मोजून विक्री दहापट घटली असे समजेल. मागणी फसली की नाही हे शेवटी कळते, म्हणून तोवर ओळी मेमरीत धरून ठेवाव्या लागतात. त्याच वेळी प्रोग्रॅम कोसळला तर नेमक्या हव्या त्याच ओळी हरवतात. तयार साधनांच्या मूळ सेटिंग्जही वाचून घ्याव्यात. गो भाषेतली 'झॅप' ही लायब्ररी तिच्या प्रॉडक्शन सेटिंगमध्ये एका सेकंदात एकसारख्या पहिल्या १०० ओळी ठेवते, आणि नंतरच्या शंभरांतून एक. चुकांच्या ओळींनाही हाच नियम लागू होतो.

सॅम्पलिंग कुठे नको, हेही ठरवून ठेवावे लागते. 'पैसे कापले गेले, ऑर्डर आली नाही' अशी तक्रार करणाऱ्या ग्राहकाची मागणी सर्व्हरच्या दृष्टीने सुरळीत पार पडलेली असू शकते. तिची नोंद नऊ नशीबवानांत पुसली गेली, तर त्याला सांगायला कुणाकडे काहीच नसते. पैसे, ऑर्डर, लॉगिन आणि अधिकारबदल यांच्या ओळी पूर्णच ठेवायच्या. संख्येने त्या थोड्या असतात. त्या धरूनही या दुकानाचे बिल शंभर डॉलरच्या आत बसवता येते.

मुदतीचा विचार आता करायचा, तोही प्रत्येक प्रकाराचा वेगळा. क्लाउडवॉचमध्ये काहीच ठरवले नाही तर लॉग कधीच पुसले जात नाहीत. रोजच्या बिघाडशोधाच्या ओळींना ३० दिवस पुरतात:

```
aws logs put-retention-policy --log-group-name /shop/api --retention-in-days 30
```

सुरक्षेच्या नोंदींना हा नियम लावता येत नाही. भारतात सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपावे लागतात. कार्डाने पैसे घेणाऱ्यांना पीसीआय डीएसएस या मानकाप्रमाणे ऑडिट लॉग किमान १२ महिने ठेवावे लागतात, त्यांतले शेवटचे तीन महिने लगेच तपासता येतील असे. म्हणून फायरवॉलच्या, वेब सर्व्हरवरील भेटींच्या आणि लॉगिनच्या नोंदी दाबून थेट एस३ सारख्या स्वस्त साठ्यात टाकाव्यात. तिथे आत घेण्याचा जीबीमागे ५० सेंटचा दर नसतो. शोध सावकाश होतो, पण या नोंदी उघडण्याची वेळ वर्षातून एखाद-दुसऱ्यांदाच येते. त्यात पासवर्ड किंवा कार्डाचे आकडे जाणार नाहीत, हे साठवण्याआधीच पाहावे. ट्विटरने मे २०१८ मध्ये सर्व वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सुचवले, ते अंतर्गत लॉगमध्ये पासवर्ड उघडे लिहिले गेले म्हणूनच.

हे सगळे बसवल्यावरही एखाद्या शुक्रवारच्या नव्या आवृत्तीबरोबर DEBUG ची नवी ओळ घुसते, आणि ती महिनाअखेरीच्या बिलावरच दिसते. क्लाउडवॉच प्रत्येक लॉग-गटासाठी `IncomingBytes` हे मोजमाप देते. रोजच्या आकड्याच्या दीडपटीवर अलार्म लावावा आणि तो हिशेब विभागाऐवजी त्या आवृत्तीवर काम केलेल्या गटाकडे जाईल असे पाहावे, कारण ती ओळ त्याच दिवशी काढू शकतील अशी माणसे तिथेच असतात.