अंकांची अदलाबदल आणि पंचकोनाचे गणित

इचलकरंजीचे एक सूतव्यापारी विचारतात, की प्रत्येक गिऱ्हाइकाला बँक निराळा ‘आभासी’ खातेक्रमांक देते, तर इतकी खाती सांभाळतो कोण? वस्तुतः खाते एकच असते; निराळे असतात ते केवळ क्रमांक. त्यांतील आरंभीचे अंक व्यापाऱ्याची ओळख सांगतात, उरलेले गिऱ्हाइकाची. एनईएफटीने रक्कम येताच बँक ती व्यापाऱ्याच्या मूळ खात्यात जमा करते आणि संपूर्ण क्रमांक त्याच्या संगणकाला कळवते. त्यामुळे ४८,५०० रुपयांच्या दोन रकमा एकाच दिवशी आल्या, तरी कोणती कोणाची याचा तपास मुनिमाला करावा लागत नाही व खतावणी आपोआप होते.

परंतु रक्कम जमा करताना बँक क्रमांकच प्रमाण मानते, नाव नव्हे. म्हणून गिऱ्हाइकाने दोन अंक उलटसुलट लिहिले आणि तो क्रमांक दुसऱ्याचा निघाला, तर पैसे सुखरूप पोहोचतात, हिशेब मात्र बिघडतो. यासाठी क्रमांकाच्या शेवटी पडताळणीचा एक अंक जोडतात. हान्स पीटर लून यांची प्रसिद्ध रीत अशी, की उजवीकडून एकाआड एक अंक दुप्पट करावा, नऊहून अधिक झाल्यास त्यातून नऊ वजा करावेत आणि बेरीज दहाने निःशेष भागली जाईल असा शेवटचा अंक निवडावा. ०४०९ ची बेरीज ९+०+८+०, म्हणजे १७. पडताळणी अंक ३. आता ०४९० पाहा: ०+९+८+०, पुन्हा १७, पुन्हा ३! ०४०९३ ऐवजी ०४९०३ लिहिले गेले, तर चूक उघडकीस येत नाही. यादीशी ताडूनही नाही, कारण ०४९० हे गिऱ्हाईकही यादीत असते. पुढे एकाला पैसे भरूनही स्मरणपत्र जाते आणि दुसऱ्याच्या नावे अकारण जमा दिसते, तेव्हाच घोटाळा कळतो.

हा दोष ज्यांनी निपटला, त्या याकोबस व्हरहूफ या डच गणितज्ञाचे नाव विनाकारण मागे राहिले आहे. बेरजेत क्रम बदलला तरी उत्तर तेच राहते, हेच मूळ दुखणे ओळखून १९६९ साली त्यांनी बेरजेऐवजी सुसम पंचकोनाची फिरवणी आणि उलटणी घेतली. या क्रिया नेमक्या दहाच आहेत, म्हणजे अंकांइतक्याच. आणि आधी फिरवून मग उलटणे व आधी उलटून मग फिरवणे यांची फलिते सामान्यतः भिन्न असतात. त्यांना अंकाच्या स्थानानुसार बदलणाऱ्या अदलाबदलीची जोड देऊन व्हरहूफ यांनी एका अंकाची प्रत्येक चूक आणि लगतच्या अंकांची प्रत्येक उलटापालट पकडून दाखविली. ‘आधार’चा बारावा अंक याच रीतीने ठरतो.

तथापि क्रमांक ‘कोणी’ एवढेच सांगतो, ‘कशासाठी’ ते नव्हे. ४८,५०० आणि ३०,००० अशा दोन मागण्या बाकी असताना ७८,५०० आले तर प्रश्न मिटतो. ५०,००० आले, तर जुनी मागणी आधी फेडावी की कसे, याचा करार व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाशी अगोदरच करून ठेवला पाहिजे, अथवा मागणीगणिक निराळा क्रमांक दिला पाहिजे.