निष्काळजीपणाचा दावा: चार पायऱ्या आणि रस्त्यातला खड्डा

दुसऱ्याच्या हलगर्जीपणामुळे आपले नुकसान झाले, एवढे म्हटल्याने कायद्यात भरपाई मिळत नाही. निष्काळजीपणाच्या दाव्यात वादीला चार गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. प्रतिवादीवर त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य होते, ते कर्तव्य मोडले गेले, त्या भंगामुळेच हानी झाली आणि ती हानी कायदा भरून देतो अशा प्रकारची आहे. यातली एक गोष्ट जरी सुटली, तरी दावा फेटाळला जातो.

अपकृत्यांचा, म्हणजे दिवाणी स्वरूपाच्या अपराधांचा, भारतात एकत्रित असा लिखित कायदा नाही. निष्काळजीपणाचे नियम बहुतांशी न्यायनिवाड्यांतून घडले आहेत. इंग्लंडमधले निवाडे भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नसले, तरी त्यांचा आधार घेतला जातो, म्हणून महाराष्ट्रातल्या विधी महाविद्यालयांतही ते शिकवले जातात. जेकब मॅथ्यू खटल्यात (2005) सर्वोच्च न्यायालयाने निष्काळजीपणाचे घटक तीन सांगितले: कर्तव्य, भंग आणि त्यातून झालेली हानी. पाठ्यपुस्तके यातल्या तिसऱ्या घटकाचे कार्यकारणसंबंध आणि हानी असे दोन भाग करतात. प्रश्नाचे उत्तर लिहिताना ही चार भागांची मांडणीच सोयीची पडते.

कायद्याच्या परीक्षेत एक काल्पनिक घटना देऊन ‘कोणावर कशाचे दायित्व येते ते सांगा’ असा प्रश्न येतो. उदाहरणार्थ: एका कंत्राटदाराने जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी वर्दळीच्या रस्त्यावर जेसीबीने खोदकाम केले. जमिनीखालच्या वीजवाहिन्यांचा नकाशा त्याच्याकडे होता, पण त्याच्या माणसांनी तो पाहिला नाही आणि केबल तुटली. त्यामुळे रस्त्यावरचे दिवे बंद पडले आणि शेजारच्या आइस्क्रीमच्या दुकानाची वीज दोन दिवस गेली. संध्याकाळी कामगार घरी गेले तेव्हा पाच फूट खोल खड्ड्यासमोर फक्त गुडघ्याएवढ्या उंचीवर एक दोरी बांधलेली होती, दिवा नव्हता. रात्री नऊ वाजता एक दुचाकीस्वार मोबाइलवर बोलत आला, खड्ड्यात पडला आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. त्याने हेल्मेट घातले नव्हते. त्याची हाडे मुळातच ठिसूळ असल्याने इतरांना काही महिन्यांत बरी होणारी इजा त्याला वर्षभर भोगावी लागली. दुकानदाराचे आइस्क्रीम वितळलेच, शिवाय दुसऱ्या दिवशीची सगळी विक्रीही बुडाली.

असा प्रश्न हातात आला की आधी वादी आणि प्रतिवादी यांच्या जोड्या लावाव्यात. इथे दोन जोड्या आहेत: दुचाकीस्वार विरुद्ध कंत्राटदार आणि दुकानदार विरुद्ध कंत्राटदार. दोन्ही दावे एकत्र लिहिले तर उत्तरात गोंधळ होतो, कारण प्रत्येकात अडचणीची पायरी वेगळी आहे. प्रत्येक जोडीसाठी चारही पायऱ्या घ्याव्यात आणि प्रत्येक पायरीवर क्रम तोच ठेवावा: मुद्दा काय, नियम काय, तो या घटनेला कसा लागू होतो आणि निष्कर्ष काय.

पहिली पायरी कर्तव्याची. 1932 साली डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने ‘शेजारी’ कोण हे ठरवले. आपल्या कृतीचा ज्याच्यावर थेट परिणाम होईल हे आधीच ध्यानात यायला हवे, तो कायद्याच्या दृष्टीने आपला शेजारी, आणि त्याची काळजी घेणे हे आपले कर्तव्य. रस्ता खोदणाऱ्याचे रस्त्याने जाणाऱ्यांबाबतचे कर्तव्य तर केव्हाच प्रस्थापित झाले आहे. म्हणून दुचाकीस्वाराच्या दाव्यात ही पायरी दोन ओळींत संपते. अनेक विद्यार्थी इथे डोनोह्यूची संपूर्ण हकिगत लिहितात आणि पुढच्या वादग्रस्त मुद्द्यांसाठी वेळ उरत नाही. जिथे वाद नाही तिथे थोडक्यात आटोपावे.

दुसरी पायरी कर्तव्यभंगाची. प्रतिवादीच्या जागी समजूतदार माणूस असता तर त्याने काय केले असते, ही कसोटी असते. त्यासाठी न्यायालय धोक्याची शक्यता, इजा किती गंभीर होऊ शकते आणि ती टाळायला किती खर्च व खटाटोप लागतो हे तोलून पाहते. खोदकामाबाबत हॅले विरुद्ध लंडन इलेक्ट्रिसिटी बोर्ड हा 1964 चा निवाडा नेमका उपयोगी आहे. कामगारांनी खंदकाच्या टोकाला लांब दांड्याचा हातोडा तिरका टेकवून ठेवला होता. डोळस माणसाला तो इशारा पुरेसा होता. पण एका अंध पादचाऱ्याची काठी हातोड्यावरून गेली, तो अडखळून पडला आणि त्याचे ऐकणेही गेले. शहराच्या रस्त्यांवर अंध माणसे एकट्याने चालतात हे अपेक्षितच आहे आणि त्यांच्यासाठी साधे कुंपण उभारणे अवघड नव्हते, म्हणून बोर्ड दायी ठरले.

आपल्या प्रश्नात तर धोका डोळस माणसालाही आहे. अंधार कंत्राटदाराच्याच माणसांनी केबल तोडल्यामुळे पडला आहे आणि तो त्यांना माहीत आहे. गुडघ्याएवढी दोरी दुचाकीच्या दिव्यात दिसेलच असे नाही. दोन-तीन बॅरिकेड आणि बॅटरीवर चालणारा लाल दिवा यांचा खर्च इजेच्या मानाने नगण्य आहे. उत्तरात हे तपशील एकेक करून नियमाला जोडले पाहिजेत. ‘कंत्राटदाराने वाजवी काळजी घेतली नाही’ असे नुसते लिहिले, तर तो निष्कर्ष झाला, त्याचे कारण नाही.

तिसरी पायरी कार्यकारणसंबंधाची, आणि इथे दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. पहिला वस्तुस्थितीचा: कर्तव्यभंग झाला नसता तर हानी टळली असती का? लंडनच्या बार्नेट खटल्यात तीन पहारेकरी चहा प्यायल्यावर उलट्या होऊ लागल्याने रुग्णालयात गेले. डॉक्टरांनी त्यांना न तपासताच घरी पाठवायला सांगितले. त्यातल्या एकाचा आर्सेनिकच्या विषबाधेने मृत्यू झाला. तपासायला हवे होते, म्हणजे कर्तव्यभंग झाला होता. पण तपासले असते तरी उतारा वेळेत देता आला नसता, असे पुराव्यातून दिसले. त्यामुळे त्याच्या पत्नीचा दावा फेटाळला गेला. आपल्या दुचाकीस्वाराच्या बाबतीत उत्तर उलट येते. प्रकाश आणि कुंपण असते, तर तो बहुधा थांबला असता. दिवाणी दाव्यात एवढे ‘बहुधा’ पुरते. पारडे वादीच्या बाजूला थोडे झुकले तरी चालते, संशयापलीकडचा पुरावा लागत नाही.

दुसरा प्रश्न कायद्याचा: ही हानी कर्तव्यभंगापासून फार दूरची तर नाही? 1961 च्या वॅगन माउंड निवाड्यानुसार हानीचा प्रकार आधी कल्पना करता येण्याजोगा असला पाहिजे. ती नेमकी कशी घडेल आणि किती मोठी असेल, याची कल्पना येण्याची गरज नाही. उघड्या खड्ड्यात पडून हाड मोडणे हा उघडच अपेक्षित प्रकार आहे. ठिसूळ हाडांमुळे इजा वाढली, हा बचाव चालत नाही. प्रतिवादीने वादी जसा आहे तसा स्वीकारायचा असतो. 1962 च्या स्मिथ विरुद्ध लीच ब्रेन खटल्यात वितळलेल्या धातूचा थेंब कामगाराच्या ओठावर उडाला, भाजलेल्या जागी कर्करोग झाला आणि तो दगावला. मालकाला भाजण्याची कल्पना यायला हवी होती, कर्करोगाची नव्हे, तरीही मृत्यूची भरपाई त्याच्यावर आली. म्हणून वर्षभराचे आजारपण कंत्राटदाराच्या खात्यात जाते.

मोबाइल आणि हेल्मेट या दोन्ही गोष्टी प्रश्नात मुद्दाम घातलेल्या असतात, पण त्यांचे वजन सारखे नसते. मोबाइलवर बोलल्याने लक्ष विचलित झाले आणि अपघाताला हातभार लागला, असे कंत्राटदार म्हणू शकतो. हे सिद्ध झाले तर वादीच्या स्वतःच्या निष्काळजीपणाच्या प्रमाणात भरपाई कमी होते, दावा मात्र बुडत नाही. हेल्मेट न घालणे नियमाविरुद्ध असले, तरी मांडीचे हाड मोडण्याशी त्याचा संबंध नाही. डोक्याला मार लागला असता, तर गोष्ट वेगळी होती. चूक आणि झालेली इजा यांचा दुवा दाखवता आला नाही, तर त्या चुकीमुळे भरपाई कापली जात नाही.

चौथी पायरी हानीची. दुचाकीस्वाराच्या बाबतीत ती सोपी आहे: शारीरिक इजा, उपचारांचा खर्च, बुडालेली कमाई आणि वेदना. दुकानदाराच्या दाव्यात मात्र खरा वाद इथेच आहे. नकाशा हाताशी असून पाहिला नाही, म्हणून भंग स्पष्ट आहे. केबल तुटल्यानेच वीज गेली, म्हणून कारणही स्पष्ट आहे. पण वितळलेले आइस्क्रीम आणि दुसऱ्या दिवशीची बुडालेली विक्री यांना कायदा एकाच मापाने मोजत नाही.

याला आधार स्पार्टन स्टील या 1973 च्या इंग्लिश निवाड्याचा. तिथेही रस्ता खोदताना वीजकेबल तुटली आणि एका पोलाद कारखान्याची वीज 14 तासांहून अधिक काळ गेली. भट्टीत त्या वेळी असलेल्या धातूची किंमत 368 पौंडांनी घटली आणि तो विकून मिळाला असता असा 400 पौंडांचा नफा बुडाला. वीज असती तर आणखी चार वेळा भट्टी लावता आली असती, त्याचा नफा 1,767 पौंड. अपील न्यायालयाने बहुमताने पहिल्या दोन रकमा दिल्या आणि तिसरी नाकारली. पहिल्या दोन रकमा मालाच्या प्रत्यक्ष नुकसानीतून आल्या होत्या, तिसरी कोणत्याही वस्तूला धक्का न लागता झालेले निव्वळ आर्थिक नुकसान होते. वीज गेल्यावर एका गावात शेकडो जणांची कामे खोळंबतात, त्या सगळ्यांचे दावे एकाच माणसावर लादता येणार नाहीत, हे न्यायमूर्ती डेनिंग यांच्या कारणांपैकी एक होते. एडमंड डेव्हिस या न्यायमूर्तींनी मात्र वेगळे मत नोंदवले. तोटा अपेक्षित आणि थेट असेल, तर तो द्यायला हवा, असे त्यांचे म्हणणे होते.

हाच नियम लावला तर दुकानदाराला वितळलेल्या आइस्क्रीमची किंमत आणि त्याच मालावरचा नफा मिळेल, दुसऱ्या दिवशीची विक्री मिळणार नाही. भारतीय न्यायालयांवर स्पार्टन स्टील बंधनकारक नाही, त्यामुळे उत्तरात डेव्हिस यांचे मतभेदाचे कारण देऊन दुकानदाराची बाजूही मांडता येते. दोन्ही बाजू मांडून झाल्या की एक बाजू निवडून निष्कर्ष लिहावा. ‘न्यायालय ठरवेल’ असे लिहून थांबणारे उत्तर अपुरे ठरते.

एकूण निकाल असा: दुचाकीस्वाराला इजेच्या पूर्ण परिणामांची भरपाई, मोबाइलचा हातभार सिद्ध झाल्यास त्या प्रमाणात कमी, हेल्मेटपायी कोणतीही कपात नाही. दुकानदाराला वितळलेल्या मालापुरती भरपाई. उत्तर लिहून झाल्यावर प्रश्नातला प्रत्येक तपशील एखाद्या पायरीखाली आला आहे का, हे एकदा तपासावे. एखादा सुटला असेल, तर बहुधा एखादा मुद्दाच सुटलेला असतो.