पाच ओळींत अनंत प्रश्नांचं उत्तर

x ही संख्या चारच्या जवळ जवळ सरकत गेली, तर 3x − 5 कशाच्या जवळ जाते? सातच्या. हे सांगायला गणिताची पदवी लागत नाही. चार ठेवा, तीनने गुणा, पाच वजा करा, सात. प्रश्न इतका सोपा आहे की त्याची सिद्धता लिहायची म्हटलं की विद्यार्थी गोंधळतो: यात सिद्ध काय करायचं?

सिद्ध करायचंय ते 'जवळ' या शब्दात दडलेलं आहे. जवळ म्हणजे किती जवळ? न्यूटन आणि लायब्निट्झ यांनी सतराव्या शतकात कॅल्क्युलस उभं केलं तेव्हा या प्रश्नाला नेमकं उत्तर नव्हतं. अतिसूक्ष्म राशी घ्यायच्या, त्यांनी भागायचं आणि नंतर त्या शून्य मानून सोडून द्यायच्या, अशी रीत होती. उत्तरं बरोबर येत होती, म्हणून काम चालू राहिलं. १७३४ मध्ये बिशप जॉर्ज बर्कली यांनी याच जागी बोट ठेवलं: ज्या राशीने भागता ती शून्य नसते आणि पुढच्याच ओळीत ती शून्य कशी होते? टीका अचूक होती. १८२१ मध्ये कोशी यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात सीमेची, म्हणजे कॉलेजात जिला लिमिट म्हणतात तिची, बरीच काटेकोर व्याख्या शब्दांत दिली. तिला आज आपण शिकतो तो असमानतांचा घट्ट आकार आला तो मुख्यतः बर्लिनमध्ये वायरश्ट्रास यांच्या व्याख्यानांतून, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. न्यूटनपासून इथपर्यंत जवळजवळ दोनशे वर्षं गेली. आणि त्या व्याख्येत सूक्ष्म राशी नाहीत, सरकणं नाही, काळही नाही. आहेत फक्त दोन अंतरं.

पहिलं अंतर ε, एप्सिलॉन. 3x − 5 ही सातपासून जास्तीत जास्त किती लांब चालेल, ते हे सांगतं. दुसरं δ, डेल्टा. त्यासाठी x ला चारच्या किती जवळ ठेवायचं, ते हे सांगतं. व्याख्या अशी: कोणतीही धन संख्या ε दिली, तरी अशी एक धन संख्या δ सापडते, की 0 < |x − 4| < δ असणाऱ्या प्रत्येक x साठी |(3x − 5) − 7| < ε असतं. उभ्या रेघांमधली राशी म्हणजे केवल मूल्य, म्हणजेच अंतर. |x − 4| हे x आणि चार यांच्यातलं अंतर.

हा एक सामना आहे असं समजा. समोरचा ε सांगतो, आपण δ काढून देतो, मग समोरचा त्या δ च्या आतला हवा तो x निवडतो आणि तपासतो. तो म्हणाला 0.3, आपण म्हणालो 0.1. त्याने 4.09 घेतला: 3 × 4.09 − 5 = 7.27, सातपासून 0.27 लांब. जिंकलो. पण यानंतर तो 0.003 म्हणेल, मग त्याहून लहान, आणि त्याच्याकडचे प्रश्न कधीच संपणार नाहीत. एकेक उत्तर देत बसलो तर आयुष्य पुरणार नाही. ते सगळे प्रश्न विचारले जाण्याआधीच एकदम निकालात काढणं, हे सिद्धतेचं काम. त्यासाठी δ ही एखादी ठरावीक संख्या असून भागत नाही. ε मधून δ काढण्याची कृती हवी.

ती शोधताना कच्च्या कागदावर उलटं चालायचं. आपल्याला हवंय |(3x − 5) − 7| < ε. कंसातलं आवरलं की 3x − 12 उरतं. तीन बाहेर काढला की 3|x − 4|. म्हणजे हवंय 3|x − 4| < ε, आणि ते |x − 4| < ε/3 असलं की मिळतं. कृती सापडली: ε ला तीनने भागा. हा तीन म्हणजे रेषेचा चढ. x चारपासून जेवढा हलतो त्याच्या तिप्पट उत्तर हलतं, म्हणून x ला एक तृतीयांश मोकळीक द्यायची.

आता हा कच्चा कागद बाजूला ठेवायचा आणि सिद्धता सुलट लिहायची.

१. ε > 0 ही कोणतीही संख्या दिलेली आहे असं समजा.
२. δ = ε/3 घ्या. ε धन आहे, म्हणून δ देखील धन आहे.
३. x ही 0 < |x − 4| < δ पाळणारी कोणतीही वास्तव संख्या असू द्या.
४. मग |(3x − 5) − 7| = |3x − 12| = 3|x − 4| < 3δ = ε.
५. ε ही कोणतीही धन संख्या होती, म्हणून व्याख्येप्रमाणे x चारकडे जाताना 3x − 5 ची सीमा सात आहे.

पहिल्या ओळीवर थोडं थांबू या. तिथे ε ला अक्षराचं नाव आहे, किंमत नाही. आपल्याला तिच्याबद्दल 'ती धन आहे' एवढंच माहीत आहे, आणि पुढे कुठेही याहून जास्त काही वापरलेलं नाही. म्हणून चौथ्या ओळीतलं गणित 0.3 ला लागू पडतं, एक अब्जांशालाही लागू पडतं आणि आजवर कुणी लिहिली नसेल अशा बारीक संख्येलाही. पहिल्या ओळीत ε = 0.01 लिहिलं असतं, तर खालचं प्रत्येक पाऊल बरोबर असूनही सिद्धता उरली नसती; एका प्रश्नाचं उत्तर उरलं असतं. अनंत प्रश्न एका अक्षरात मावतात ते त्या अक्षराबद्दल आपण जवळजवळ काहीच बोलत नाही म्हणून. मला गणितातली ही सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते.

दुसरी ओळ वाचणाऱ्याला आकाशातून पडल्यासारखी वाटते. ε/3 कुठून आलं, याचा खुलासा सिद्धतेत नाही, आणि लागतही नाही. δ कसा सापडला हे विचारायचा तपासणाऱ्याला अधिकार नाही. तो चालतो का, एवढंच तो पाहतो. ε/3 ऐवजी ε/10 घेतलं तरी सिद्धता तितकीच पक्की राहते, कारण मग चौथ्या ओळीत 3ε/10 येतं आणि ते ε पेक्षा लहानच असतं. मात्र ε/2 घेतलं तर चौथ्या ओळीच्या शेवटी 3ε/2 येतं आणि साखळी तुटते. δ लहान घ्यायला कसलीच बंदी नाही, मोठा घेता येत नाही.

चौथ्या ओळीत तीन बरोबरीची चिन्हं आहेत आणि मध्ये एकच 'पेक्षा लहान'. त्या एका चिन्हात सगळा जीव आहे: तिथे आणि फक्त तिथे |x − 4| < δ हे तिसऱ्या ओळीतलं गृहीत वापरलं गेलं. पेपर तपासताना मी आधी हेच चिन्ह शोधतो. अनेकदा ते हरवलेलं असतं, कारण विद्यार्थ्याने कच्चा कागदच उतरवलेला असतो: |(3x − 5) − 7| < ε पासून सुरुवात आणि |x − 4| < ε/3 वर शेवट. जे सिद्ध करायचं तेच पहिल्या ओळीत खरं धरलेलं. या उदाहरणात प्रत्येक पायरी उलटी फिरवता येते म्हणून नुकसान लपून राहतं. जिथे पायरी उलटत नाही, तिथे अशी मांडणी खोटंही सिद्ध करून दाखवते.

तिसऱ्या ओळीतल्या 0 < या तुकड्याचं काय? आपल्या साखळीत तो कुठेच वापरला गेला नाही. x = 4 असता तरी काही बिघडलं नसतं. मग तो तिथे कशाला? त्याचं मोल कळण्यासाठी फल किंचित बदलू या. (3x² − 17x + 20)/(x − 4) घ्या. चारला छेद शून्य होतो आणि फलाला तिथे किंमतच उरत नाही. पण अंशाचे अवयव (3x − 5)(x − 4) असे पडतात. 0 < |x − 4| म्हणजे x चार नाही, म्हणजे x − 4 शून्य नाही, म्हणजे त्याने भागायला हरकत नाही, आणि उरतं 3x − 5. पुढच्या ओळी अक्षरशः त्याच. चारला जिथे रेषेला भोक आहे, तिथेही सीमा सात. बर्कलींच्या प्रश्नाचं उत्तरही याच तुकड्यात आहे: भागताना राशी शून्य नव्हती, आणि नंतरही ती कधी शून्य मानलेली नाही.

आणि ही रीत चुकीच्या उत्तरालाही पास करेल का? करून पाहू. समजा कुणी म्हणालं, सीमा आठ आहे. तर |(3x − 5) − 8| = |3(x − 4) − 1|. समोरच्याने ε = 1/2 मागितला. आपण δ कितीही लहान दिला, तरी तो त्या δ च्या आत, चारपासून 1/6 पेक्षा कमी अंतरावरचा x निवडतो. तिथे 3(x − 4) हे अर्ध्यापेक्षा लहान आहे, म्हणून आठपासूनचं अंतर अर्ध्यापेक्षा मोठं राहतं. आपण हरलो, आणि कुठलाच δ वाचवू शकला नसता. सीमा आठ नाही हे सिद्ध करायला असा एकच ε पुरतो.

कोणत्याही mx + c या रेषेसाठी हीच सिद्धता चालते. तीनच्या जागी |m| येतो. उभ्या रेघा विसरल्या आणि m ऋण असला, तर δ ऋण येतो आणि दुसऱ्या ओळीतच गाडी अडते. m शून्य असला तर भागताच येत नाही, पण तेव्हा फल स्थिर असतं, अंतर नेहमी शून्य आणि कोणताही δ चालतो.

x² साठी मात्र तसं होत नाही. |x² − 16| = |x + 4| |x − 4|, आणि मोह होतो δ = ε/|x + 4| लिहिण्याचा. ते चालत नाही, कारण δ दुसऱ्या ओळीत ठरतो आणि x तिसऱ्या ओळीत जन्माला येतो. उपाय असा की x ला आधीच चारपासून एकच्या आत बांधायचं. मग |x + 4| नऊपेक्षा लहान राहतो, आणि δ म्हणून 1 व ε/9 यांतला लहान घेता येतो. रेषेच्या बाबतीत ही जादा तजवीज करावी लागली नाही, कारण तिचा चढ सगळीकडे सारखाच असतो.