आठ ओळींचं अरबी स्वागत

अकोला आणि अमरावतीच्या उर्दू शाळांत डिसेंबर म्हणजे स्नेहसंमेलनाचा महिना. त्यातच 18 डिसेंबर येतो. 1973 साली याच दिवशी अरबी ही संयुक्त राष्ट्रांची अधिकृत भाषा झाली आणि 2012 पासून युनेस्को हा दिवस अरबी भाषा दिन म्हणून पाळते. आपल्याकडे हाच अल्पसंख्याक हक्क दिवसही आहे. अरबी विषय शिकवणाऱ्या शाळेत मग साहजिकच एखादं स्वागताचं भाषण अरबीत ठेवावंसं वाटतं, आणि ते आठवी-नववीतल्या कुणाच्या तरी वाट्याला येतं.

या मुलांची तयारी वेगळीच असते. लहानपणापासून कुराण वाचल्यामुळे अक्षरं आणि स्वर त्यांच्या तोंडात बसलेले असतात, पण स्वतःचं एक वाक्य जुळवायची वेळ कधी आलेली नसते. म्हणून जाणते शिक्षक लांबलचक मसुदा हातात देत नाहीत. क्रियापद जवळजवळ नसलेली छोटी वाक्यं घेतात. अरबीत वर्तमानकाळी ‘आहे’ बोलावाच लागत नाही, त्यामुळे नवशिक्याची निम्मी अडचण तिथेच सुटते. भाषण साधारण असं उभं राहतं:

अस्सलामु अलैकुम.
अय्युहद्-दुयूफुल्-किराम,
अहलन् व सहलन् बिकुम फी मद्रसतिना.
अल्-यौमु यौमुन् जमील.
नह्नु सुअदाउ बिहुदूरिकुम.
दैफुनल्-करीमु मुदीरुल्-कुल्लिय्या.
फी हाजल्-हफ्लि अनाशीदु व मस्रहिय्या.
शुक्रन् लकुम.

सलाम झाल्यावर सन्माननीय पाहुण्यांना हाक मारली आहे. आमच्या शाळेत तुमचं स्वागत, आजचा दिवस सुंदर आहे, तुमच्या येण्यानं आम्हाला आनंद झाला, आमचे सन्माननीय पाहुणे महाविद्यालयाचे प्राचार्य आहेत, या समारंभात गाणी आणि एक नाटक आहे, आभार. एवढंच. सावकाश म्हटलं तरी मिनिटभरात संपतं.

खरी कसोटी आहे ती ‘अल्’ची. ‘अल्-यौमु यौमुन् जमील’ यात पहिल्या शब्दाला ‘अल्’ आहे, पुढच्या दोघांना नाही. म्हणून ते पूर्ण वाक्य झालं. मुलं भाषण भारदस्त करायच्या नादात ‘अल्-यौमुल्-जमील’ म्हणतात. त्याचा अर्थ होतो ‘तो सुंदर दिवस’, आणि ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो. पाहुण्यांच्या बाबतीत हेच उलट घडतं. ‘दैफुना’ म्हणजे आमचे पाहुणे. ‘आमचे’ आल्यामुळे तो शब्द आधीच निश्चित झालेला असतो, म्हणून त्याच्या विशेषणालाही ‘अल्’ लागतो. तो विसरून ‘दैफुना करीम’ म्हटलं की ‘आमचे पाहुणे उदार आहेत’ असं वाक्य तिथेच पुरं होतं आणि प्राचार्यपद मागे लोंबकळत राहतं. चूक पकडायची युक्ती सोपी आहे: जिथे मनातल्या मनात ‘आहे’ म्हणता येईल, तिथे वाक्य तुटलं असं समजायचं. ते तुटणं हवं तिथेच आहे ना, एवढं तपासायचं.

उच्चारात वऱ्हाडी उर्दूची सवय आडवी येते. पाहुण्याच्या ‘दैफ’मधलं पहिलं अक्षर ‘ज्वाद’. उर्दूत ते ‘रमजान’मधल्या ‘ज’सारखं बोललं जातं, त्यामुळे मुलं सहज ‘जैफ’ म्हणून जातात. अरबीत तो जिभेची कड दाढांना टेकवून काढलेला जड ‘द’ आहे. देवनागरीतला ‘द’ त्याच्या फार तर जवळपास जातो. ‘हुदूर’ म्हणजे हजेरी, तिथेही तेच अक्षर. हाफिज झालेला एखादा मुलगा वर्गात असेल तर तो हे चटकन दाखवून देतो.

दुसरी गोष्ट थांबण्याची. वाक्य संपलं की शेवटचा स्वर गळतो, म्हणून ‘जमीलुन्’ न म्हणता ‘जमील’. मध्येच श्वास घेतला तर हा हिशेब बिघडतो. त्यासाठी कागदावर थांब्याच्या जागी लाल रेघ मारून ठेवलेली बरी. ‘मद्रसा’ शब्दाच्या शेवटी लपलेला ‘त’ही असाच: पुढे ‘ना’ जोडला की तो बाहेर येतो, आणि आधी ‘फी’ असल्यामुळे ‘मद्रसतुना’चं ‘मद्रसतिना’ होतं. घोकून पाठ केलेलं असेल तर हा बदल कळत नाही. मग एखादी मुलगी पुढच्या वेळी ‘आमची शाळा मोठी आहे’ म्हणताना ‘मद्रसतिना कबीरा’ म्हणते. तिथे ‘मद्रसतुना’ हवं.

आयोजकांना धास्ती असते ती पाहुणे ऐनवेळी बदलण्याची. प्राचार्यांऐवजी प्राचार्या आल्या तर सहावी ओळ ‘दैफतुनल्-करीमतु मुदीरतुल्-कुल्लिय्या’ अशी होते. पाहुणी, तिचं विशेषण आणि तिचं पद, तिघांनाही स्त्रीलिंगाचा ‘त’ लागतो. बाकी सात ओळींना हात लावावा लागत नाही, कारण ‘बिकुम’ आणि ‘लकुम’ सगळ्या सभेला उद्देशून आहेत. मुलींची शाळा असेल तर मात्र पाचवी ओळही बदलायची: ‘नह्नु सईदातुन् बिहुदूरिकुम’. दोन्ही ओळी तालमीच्या पहिल्याच दिवशी कागदाच्या पाठीमागे लिहून ठेवल्या, तर मंचामागे धावपळ होत नाही.