माडावर न चढता माडाची उंची

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, मुरुड, अलिबाग या भागांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. अशा किनाऱ्यावर परसात उंच माड असलेल्या माणसाला एक साधा प्रश्न पडतो. हा माड घराच्या दिशेने पडला तर भिंतीपर्यंत पोचेल का? उत्तरासाठी दोन आकडे लागतात. बुंध्यापासून भिंत किती लांब आहे, हे टेपने मोजता येते. माडाची उंची मात्र शेंड्यावर टेप न नेता काढावी लागते. त्यासाठी लागणारे गणित दहावीच्या पुस्तकात असते आणि साधन घरी दहा मिनिटांत तयार होते.

साधनाचे नाव क्लायनोमीटर, म्हणजे आडव्या पातळीपासून नजर किती अंशांनी वर किंवा खाली गेली ते सांगणारे उपकरण. कंपासपेटीतला अर्धगोल कोनमापक घ्या आणि त्याच्या सरळ कडेला शीतपेयाची नळी चिकटवा. मध्यबिंदूच्या छिद्रातून दोरा ओवून त्याला एक लोखंडी नट बांधा. हा झाला छोटा ओळंबा. सरळ कड वर आणि गोलाई खाली धरून नळीतून समोर पाहिले की दोरा ९० वर लटकतो. नळी शेंड्याकडे उचलली की दोरा सरकतो. तो ५२ वर आला तर ९० मधून ५२ वजा करायचे. उरलेले ३८ अंश हा शेंड्याचा उन्नत कोन. नळीतून पाहणाऱ्यानेच आकडा वाचू नये. दोरा स्थिर झाला की त्याने तो बोटाने दाबून धरावा आणि सोबत्याने आकडा वाचावा. वाऱ्यात दोरा डोलतो, म्हणून तीन-चार वेळा पाहून सरासरी घ्यावी. सूर्य शेंड्यामागे असेल तर नळीतून पाहूच नये, वेळ किंवा बाजू बदलावी.

आता मोजणी. माणूस सपाट अंगणात, बुंध्यापासून २० मीटरवर उभा आहे आणि कोन ३८ अंश आला आहे, असे धरू. त्याच्या डोळ्यातून माडाकडे एक आडवी रेघ गेली, तिथून दुसरी रेघ सरळ वर शेंड्याकडे गेली आणि तिसरी शेंड्यापासून परत डोळ्याकडे आली. हा काटकोन त्रिकोण. उभी बाजू भागिले आडवी बाजू म्हणजे त्या कोनाचा टॅन. ३८ अंशांचा टॅन साधारण ०.७८ असतो, म्हणजे दर मीटर आडव्या अंतरामागे शेंडा ७८ सेंटिमीटर वर आहे. २० ला ०.७८ ने गुणले की १५.६ मीटर येतात.

ही माडाची उंची नव्हे. त्रिकोणाची आडवी बाजू जमिनीवर नाही, ती डोळ्याच्या पातळीवर आहे. १५.६ मीटर ही त्या पातळीच्या वरची उंची, आणि तिच्याखाली बुंध्याचा आणखी एक तुकडा उरतो. जमीन सपाट असेल तर तो तुकडा पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीएवढाच असतो. म्हणून भिंतीशी उभे राहून जमिनीपासून डोळ्यापर्यंतचे अंतर एकदा मोजून ठेवावे. ते शरीराची उंची नव्हे, डोळे टाळूच्या दहाबारा सेंटिमीटर खाली असतात. गुडघ्यावर बसून मोजले तर बसलेल्या स्थितीतले अंतर धरावे लागते. आपल्या माणसाचे डोळे दीड मीटरवर आहेत, तेव्हा १५.६ अधिक १.५ म्हणजे १७.१ मीटर. ही बेरीज गुणाकारानंतरच करायची. आधी अंतरात दीड मीटर मिळवून मग गुणले, तर मिळणाऱ्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. कॅल्क्युलेटर वापरताना आधी ४५ अंशांचा टॅन काढून पाहावा. तो १ यायला हवा. न आल्यास यंत्र अंशांऐवजी रेडियन धरते आहे.

जमिनीला उतार असेल तर डोळ्याची उंची नुसती मिळवून चालत नाही, कारण तुमचे पाय आणि माडाचे मूळ एका पातळीवर नसतात. अशा वेळी दोन कोन मोजावेत, एक शेंड्याचा आणि दुसरा बुंध्याच्या तळाचा. समजा तुम्ही चढावर आहात, आडवे अंतर २० मीटर आहे आणि तळाकडे पाहताना नळी १२ अंश खाली वळवावी लागली. १२ अंशांचा टॅन ०.२१, म्हणजे तळ डोळ्याच्या पातळीखाली ४.२ मीटरवर आहे. तेवढेच वरच्या भागात मिळवायचे, दीड मीटर विसरून जायचे. तुम्ही इतके खाली उभे असाल की तळ डोळ्याच्याही वर दिसतो, तर तो भाग वजा करायचा. मात्र उतारावर टेप तिरकी पडते आणि आपल्याला आडवे अंतर हवे असते. १५ अंशांच्या उतारावर टेपचे २० मीटर म्हणजे आडवे १९.३ मीटरच. सपाट जमिनीवरही तळाचा कोन घेऊन पाहावा. २० मीटरवरून, दीड मीटर उंचीच्या डोळ्याला तो चार अंशांच्या थोडा वर यायला हवा. फार वेगळा आला तर दिसायला सपाट वाटणारे अंगण सपाट नाही, किंवा नळी कोनमापकावर तिरकी बसली आहे.

एवढे सगळे बरोबर करूनही आपले १७.१ चुकलेले असू शकतात, आणि ही चूक शोधायला सर्वांत कठीण. आपण टेप बुंध्यापर्यंत नेली, पण कोन शेंड्याचा घेतला. त्रिकोणाची आडवी बाजू बुंध्याशी संपत नाही, ती शेंड्याच्या बरोबर खालच्या बिंदूशी संपते. ताठ झाडात हे दोन्ही एकच असतात. किनाऱ्यावरचे माड मात्र बहुधा कुठेतरी कललेले असतात.

म्हणून माडाच्या बाजूला जावे, म्हणजे त्याचा कल डावीकडे किंवा उजवीकडे दिसेल असे उभे राहावे. दोऱ्याचा ओळंबा हाताच्या अंतरावर धरून तो शेंड्याशी जुळवावा आणि दोऱ्याची सरळ रेघ जमिनीला कुठे टेकलेली दिसते ते पाहावे. सोबत्याला तिथे दगड ठेवायला सांगावे. आपल्या उदाहरणात माड मोजणाऱ्यापासून दूर, घराकडे कलला आहे आणि दगड बुंध्याच्या पलीकडे दोन मीटरवर पडला, असे समजू. म्हणजे आडवे अंतर २० नाही, २२ मीटर आहे. २२ गुणिले ०.७८ म्हणजे १७.२, त्यात दीड मिळवले की १८.७ मीटर. नुसत्या दोन मीटर कलाने उंची दीड मीटरहून अधिक वाढली. माड मोजणाऱ्याकडे झुकला असता तर उलटे झाले असते, खरी उंची १७.१ पेक्षा कमी निघाली असती. कलत्या माडाला बाजूने मोजले, म्हणजे कलाच्या दिशेशी काटकोन करून उभे राहिले, की ही चूक जवळजवळ नाहीशी होते.

वडासारख्या पसरलेल्या झाडात हीच चूक वेगळ्या रूपात येते. झाडाच्या जवळून जो शेंडा वाटतो तो पुष्कळदा आपल्याकडे आलेल्या फांदीचा वरचा काठ असतो. ती फांदी १५ मीटरवर, डोळ्याच्या पातळीपासून ९ मीटर वर असेल आणि आपण बुंध्यापर्यंतचे २० मीटर धरून गुणले, तर ९ ऐवजी १२ मीटर येतात. इमारतीतही तसेच घडते. रस्त्यावरून मोजताना नजर गच्चीच्या कठड्यावर असते की मागच्या पाण्याच्या टाकीवर, हे आधी ठरवावे आणि अंतर त्याच बिंदूच्या पायथ्यापर्यंत घ्यावे. शंका आली तर दुप्पट अंतरावरून पुन्हा मोजावे. दुरून उंची बरीच कमी भरली, तर जवळून पाहताना नजर पुढच्या फांदीवर अडकली होती.

उभे कुठे राहावे, याचेही उत्तर गणितातच आहे. घरगुती साधनात एका अंशाची चूक सहज होते, आणि कोन ४५ अंशांच्या आसपास असताना त्या चुकीचा उंचीवरचा परिणाम सर्वांत कमी असतो. अगदी जवळ गेले की टॅन झपाट्याने वाढतो. आपल्याच माडाचा शेंडा ७२ अंशांवर दिसेल इतके जवळ गेलो, तर अंशाच्या चुकीने उत्तर सुमारे एक मीटरने हलते आणि अंतरातल्या दहा सेंटिमीटरच्या चुकीचे उंचीत तीस सेंटिमीटर होतात. म्हणून अंदाजे झाडाच्या उंचीएवढे किंवा थोडे अधिक अंतर ठेवावे, म्हणजे कोन ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान राहतो.

आपल्या मोजणीत कोन ३७ ते ३९ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. २२ मीटर अंतर धरून दोन्ही टोके काढली तर उंची १८.१ आणि १९.३ मीटर येते. म्हणून उत्तर लिहिताना १८.७ मीटर, साधारण ०.६ मीटर अधिक-उणे, असे लिहावे. सोबत अंतर, कोन, डोळ्याची उंची, दगडाची जागा आणि नजर कशावर धरली होती तेही नोंदवावे. माडाच्या बाबतीत मधोमध उभी असलेली कोवळी, न उलगडलेली झावळी धरणे सोयीचे, कारण बाजूच्या झावळ्या वाऱ्याने हलतात.

आता समजा घराची मागची भिंत बुंध्यापासून १८ मीटरवर आहे. बुंध्यापर्यंत टेप नेऊन काढलेले १७.१ मीटर पाहून माणूस निश्चिंत झाला असता, कारण माड भिंतीच्या जवळजवळ मीटरभर अलीकडे थांबतो असे दिसते. कल धरून काढलेली उंची मात्र चुकीच्या खालच्या टोकालाही १८.१ मीटर आहे. माड घराकडे पडला तर त्याचा शेंडा भिंतीला लागणार. पावसाळ्याआधी तो वरून तुकड्या-तुकड्यांनी उतरवायचा की नाही, हे त्या घरच्या माणसांनी या दुसऱ्या आकड्यावरूनच ठरवावे.