निर्जंतुकीकरणाची तपासणी : मुलकोवाल प्रकरण

मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेतील लस ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल येथे १०७ जणांना टोचली गेली. एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले. कार्बॉलिक अम्लाऐवजी उष्णता वापरल्याचा ठपका वॉल्डेमार हाफकिन यांच्यावर आला. अभिरंजनाने दंडाणू ओळखता येतो, तो बाटलीत केव्हा शिरला हे मात्र कळत नाही; ते वाढीच्या हिशेबाने ठरते. प्रयोगशाळेतच शिरलेले जंतू विलंबावस्था ओलांडून कित्येक आठवडे वाढले असते, बाटली उघडताना दुर्गंधी आली असती व साठलेल्या विषाने लक्षणे लवकर दिसली असती. तसे घडले नाही. लक्षणे सुमारे आठवड्याने दिसली. बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता व तो कार्बॉलिक द्रावात क्षणभरच बुडविला गेला. बीजाणू तेवढ्याने मरत नाहीत. हाफकिन १९०७ मध्ये दोषमुक्त ठरले.